डोक्यावर पांढरं

माझी अक्षता कुणाशीही बोलताना आधी त्याच्या नाकाखाली बघते. नाकाची सावली कुठं पडलीय आणि किती काळी आहे, हे तिला बघायचं असतं. समोरच्याला वाटतं, पोरगी उद्धट आहे. रिक्षाची वाट बघत उभी असली तरी स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवत राहते. बोटांच्या पेरांवर उजेड कसा पडतो ते तिला कळतं म्हणे. गल्लीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरीला बाहेरचं काय झालंय का हो?" मी म्हटलं, व्हय, फोटोचं झालंय.

सव्वीस वर्षांची आहे. लग्नांचे फोटो काढते. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा देईल असं मला वाटत होतं आणि तिच्या वडिलांनाही. बुद्धभूषण, म्हणजे तिचे वडील, शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्यभर भट्टीपुढं उभे राहिले. पोरीनं पंख्याखाली बसून काम करावं एवढीच त्यांची इच्छा. तिनं धंदा निवडला तो भर उन्हातला. पहिली दोन वर्षं एका स्टुडिओत होती. तिथं मालक तिला काउंटरवर बसवायचा, अल्बम दाखवायला. बाहेरच्या कामाला नेलंच तर नवरीच्या खोलीत. "बाकीचं पोरं करतील, तू ऊन खाऊ नको, काळी पडशील," म्हणायचा. तिनं ते सोडलं आणि स्वतःचं सुरू केलं.

तेव्हापासून मला झोप कमी लागते. उन्हाळ्यात ती कामाला गेली की मी दुपारभर फोन हातात धरून बसते. चक्कर आली तर, पाणी प्यायली का, कार्यालयात बाईमाणसाला जायला धड जागा आहे का. मी विचारलं की ती म्हणते, "आई, सावलीतच असते मी." ही सावली काय प्रकरण आहे, ते मला तिच्याबरोबर जायला लागल्यावर कळलं.

दुपारचं ऊन फोटोला सगळ्यात वाईट, असं तिचं म्हणणं. सूर्य डोक्यावर असला की कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा चकाकतो आणि डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळं पडतं. आपल्या डोळ्यांना ते एवढं जाणवत नाही, कारण आपला डोळा सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. चेहरा नीट दिसावा म्हणून उजेड वाढवला की पांढरा सदरा आणि दागिने जळून सपाट पांढरे होतात. दागिने सांभाळले की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. आणि आमच्याकडची लग्नं लागतात कधी, तर बरोबर भर दुपारी. मुहूर्त काढणाऱ्यांनी कधी फोटोचा विचार केलेला नसतो.

म्हणून तिनं ते कापड केलं. पीव्हीसी पाइपची साधारण पुरुषभर उंचीची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं पातळ पांढरं कापड. ते नवरा-नवरीच्या डोक्यावर, सूर्याच्या आड धरायचं. ऊन त्यातून गाळून येतं, सगळीकडं सारखं पसरतं आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. कापड जितकं डोक्याजवळ, तितका उजेड मऊ. फक्त फोटोच्या कडेला ते दिसता कामा नये. त्या कापडाला पाइप घालायचे चारी खिसे मी शिवले. पहिल्यांदा धुतलं तेव्हा सवयीनं नीळ घातली, आणि पुढच्या कामाला सगळ्यांचे चेहरे आजारी माणसासारखे निळसर आले. अक्षता महिनाभर मला बोलली. "आई, पांढरं म्हणजे पांढरंच पाहिजे. त्यातून जो रंग येतो, तोच तोंडावर बसतो."

तेव्हा कापडाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला होता. तो पुन्हा निघाला मुरगूडला, या मे महिन्यात, अवंतिकाच्या लग्नात.

अवंतिका अक्षताची कॉलेजातली मैत्रीण. रंगानं सावळी, डोळे मोठे आणि हसली की सगळ्या खोलीला कळावं अशी. तिच्या साखरपुड्याचे फोटो दुसऱ्या कुणी काढले होते. त्या माणसानं कॉम्प्युटरवर तिला गोरं करून टाकलं, पिठात बुडवून काढल्यासारखं. अवंतिका आमच्या घरी येऊन ते फोटो दाखवत म्हणाली, "अक्षू, ही कोण हाय सांग. मला तरी ओळखू येत न्हाय. लग्नात माझं तोंड माझंच येऊ दे, बाकी कायबी कर." अक्षतानं तिला शब्द दिला. तिला एवढंच करायचं होतं त्या दिवशी.

मुहूर्त साडेबाराच्या पुढचा. लग्न लागलं की जेवणं, आणि लगेच वऱ्हाड गारगोटीला निघणार, नव्या घरी दिवेलागणीच्या आत गृहप्रवेश आणि पूजा उरकायची म्हणून. म्हणजे दोघांचे निवांत फोटो मुहूर्ताच्या आधी, भर दुपारीच काढायचे, दुसरी वेळच नाही. अक्षता आठवडाभर आधी मुद्दाम दुपारी बाराला त्या कार्यालयाच्या लॉनवर जाऊन आली होती. मी विचारलं, संध्याकाळी का नाही गेलीस, गार असतं. म्हणाली, "सावली बाराला कुठं असते ते बाराशिवाय कसं कळंल?" परत आली ती कपाळाला आठ्या घालून. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य इतका सरळ डोक्यावर येतो की भिंतीलासुद्धा सावली नसते. कार्यालयाच्या पुढच्या पोर्चमध्ये आचाऱ्यांचा संसार. मांडव लाल-गुलाबी कापडाचा, त्याखाली उभं राहिलं की माणूस जांभळ्या तोंडाचा होतो. एक आंब्याचं झाड होतं, पण त्याची सावली विरळ. पानांमधून येणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडले की देवीचे व्रण उठल्यासारखं दिसतं. आणि घरच्यांचा हट्ट होता की फोटो फुलांच्या कमानीसमोरच पाहिजेत. कमान उघड्यावर.

"मग कापड," अक्षता म्हणाली.

तिघं गेलो. अक्षता, मी आणि माझ्या बहिणीचा मुलगा प्रसेनजीत. तो कारखान्यात कामाला आहे, सुट्टी काढून आला होता. चौकटीची एक बाजू स्टँडला, स्टँडवर वाळूची पिशवी, आणि दुसरी बाजू प्रसेनजीतच्या हातात, कारण वाऱ्याची झुळूक आली की ते पतंगासारखं ओढतं. माझ्या हातात रिफ्लेक्टर. मोठ्या परातीएवढी घडीची तबकडी, एका बाजूला चंदेरी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी. कापडाखाली चेहरे थोडे मंद होतात आणि मागची कमान उन्हात तशीच भगभगत राहते, म्हणून चेहऱ्यांवर समोरून थोडा उजेड परतवायचा. पहिल्यांदा मी ती चंदेरी बाजू खालून धरली, तर नवरा-नवरीचे डोळे मिटले.

"आई, खालून नको, भूत दिसतंय. पांढरी बाजू कर. बाजूनं धर, खांद्याच्या वर. आणि तू स्वतः उन्हात राहा, कापडाखाली येऊ नको. तबकडीवर ऊनच पडलं न्हाय तर ती काय परतवणार?"

म्हणजे सावलीत ती दोघं, आणि उन्हात मी. पण चेहरे उजळलेले मला तिथूनच दिसले. अवंतिकाच्या डोळ्यांतलं काळं आणि पांढरं वेगळं दिसत होतं, नथीचा एकेक मोती मोजता येत होता. तिचा नवरा यशराज, मोठा शांत मुलगा, फेट्याखाली घामानं निथळत होता, तोही म्हणाला, "हितं बरं वाटतंय. लग्न हितंच लावूया की." अवंतिका हसली. तोच फोटो अक्षताला पाहिजे होता. ती कॅमेरा डोळ्याला लावत होती तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं बाई, काय चाललंय हे? खाली घ्या ते."

अवंतिकाच्या आत्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. हिरवी पैठणी, हातात ओटीचं ताट. त्यांच्यामागं अवंतिकाचे मामा विजयसिंह. लग्नाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. कुणी कुठं बसायचं, हेही तेच सांगत होते.

"काय झालं, आक्का?" अक्षतानं विचारलं.

"काय झालं? नवरीच्या डोक्यावर पांढरं धरलंयसा, आन् काय झालं म्हणून इचारतीस? पांढरं कधी धरत्यात म्हाईत हाय न्हवं?"

अक्षतानं समजावून सांगितलं. ऊन, सावली, डोळ्यांचे खड्डे. आपली मूठ उन्हात धरून दाखवली, मग कापडाखाली धरून दाखवली. आक्कांनी मुठीकडं बघितलंच नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"तुमी आई व्हय हिच्या? कुठलं म्हणायचं आपण?"

मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पन्नास वर्षं बघत आलेय. काही वाईट बोलत नाहीत अशा वेळी माणसं. उलट आवाज गोड होतो.

"तरीच," आक्का म्हणाल्या. "तुमच्यात चालतंय बाई पांढरं. आमच्यात न्हाय चालत. तुमचा दोष न्हाय."

माझा दोष नाही. मी एवढं ऊन अंगावर घेऊन उभी होते आणि मला माफी मिळाली होती, मी न मागता. माझं लग्न पांढऱ्या साडीत झालं. माझ्या आईचंही. त्या साडीतला माझा फोटो आमच्या घरात दारासमोर लावलेला आहे, आणि त्या पांढऱ्यात मेलेलं काही नाही. मी तोंड उघडलं, तर अक्षतानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. काम तिचं होतं.

विजयसिंह मामा प्रसेनजीतला म्हणाले, "पावणं, गुंडाळा ते. शुभकार्यात वाद नको." आणि अक्षताला, "मॅडम, एवढं ऊन पडलंय फुकाट, तुमाला अजून उजेड कशाला लागतोय? घ्या की असेच फोटो."

एवढं ऊन पडलंय हेच तर दुखणं होतं. पण कापड उतरलं. घडी घालताना प्रसेनजीतनं रागाच्या भरात एक पाइप वाकवला.

अक्षतानं उघड्या उन्हात फोटो काढले. काढायलाच लागले. यशराजच्या फेट्याची सावली त्याच्या नाकापर्यंत आली होती. मी रिफ्लेक्टरनं जमेल तेवढा उजेड दिला, पण नुसत्या तबकडीनं डोक्यावरचं ऊन थोडंच कमी होतं. उलट दोघांनी डोळे बारीक केले. अवंतिकाच्या कपाळावर चकाकणारा डाग आणि खाली डोळ्यांच्या जागी काळं. ती म्हणाली, "दाखव." अक्षतानं कॅमेरा तिच्यापुढं धरला. अवंतिकानं तो मामांकडं वळवला.

"मामा, हे बघा."

मामांनी बघितलं. "मग? कॉम्प्युटरवर गोरं करतील की नंतर. सगळे करत्यात."

"मामा, जिथं कॅमेऱ्याला काय दिसलंच न्हाय तिथनं मी नंतर काय काढणार?" अक्षता म्हणाली. "वढून उजळ केलं तर राख फासल्यागत येतंय. आणि कपाळाचा पांढरा डाग पांढराच राहतोय."

"तुमचा धंदा तुमी बघा," मामा म्हणाले आणि भटजींना बोलवायला गेले.

मी अक्षताला बाजूला घेऊन म्हटलं, चल घरी. असल्या ठिकाणी एक मिनिट थांबायचं नाही. ती म्हणाली, "अवंतिकाला शब्द दिलाय मी. आक्कांना न्हाय दिला." आणि घटाघटा पाणी पिऊन मंडपात गेली.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. मी मंडपाच्या कडेला, टाकायचे तांदूळ हातात घेऊन उभी. पाटावर अवंतिका, समोर यशराज. आणि दोघांच्या मध्ये, दोन्ही टोकांना दोघा जणांनी धरलेला अंतरपाट. हल्ली अंतरपाट मोराचे, नक्षीचे, नावं भरलेले मिळतात. यांच्या घरी जुनी चाल होती. नवं धोतर. पांढरं शुभ्र, नुकतंच घडी मोडलेलं, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. एक टोक विजयसिंह मामांच्या हातात. आणि आक्का शेजारी उभ्या राहून पदरानं डोळे टिपत होत्या.

माझ्या हातातले तांदूळ घामानं भिजले. मी आजूबाजूला बघितलं. कुणालाच काही वाटत नव्हतं. वाटणार कसं, ते त्यांचं होतं.

माझ्या डोक्यात जे आलं ते अवंतिकाच्याही डोक्यात आलं असणार. कारण शेवटचं मंगलाष्टक झालं, अंतरपाट बाजूला झाला, हार घातले गेले, वाजंत्री थांबली, आणि माणसं जेवणाच्या पंगतीकडं वळल्यावर ती मामांना म्हणाली, अगदी हळू, पण मला ऐकू आलं.

"मामा, ते धोतर घडी करू नका. घेऊन चला कमानीकडं."

"कशाला?"

"डोक्यावर धरायला."

आक्का पुढं आल्या. "अवंतिका, खुळी झालीस काय? पांढरं..."

"आक्का, आत्ता माझ्या तोंडासमोर काय धरलं होतं?"

"तो अंतरपाट हाय."

"कुठल्या रंगाचा हाय?"

आक्का म्हणाल्या, "त्याला कुंकू हाय."

"मग कुंकवासकट धरा की," यशराज म्हणाला. लग्न लागल्यावर त्याचा आवाज जरा मोठा झाला होता. "पण लवकर धरा. फेट्यात माझा भात शिजलाय."

मामा घुटमळले. चार माणसं बघत होती. शेवटी त्यांनी धोतर उचललं. अक्षतानं प्रसेनजीतला दुसरी बाजू धरायला पुढं केलं, तर आक्का म्हणाल्या, "त्यो नको. घरातला माणूस धरू दे." मामांच्या मुलानं धरलं.

प्रसेनजीत मागं सरला. त्याचं तोंड मला बघवेना.

धोतर आमच्या कापडापेक्षा रुंदीला कमी आणि जरा जाड. अक्षता म्हणाली, "मामा, आणखी खाली. अजून. फेट्याला लागंल इतकं खाली, आणि ताणून. सुरकुती पडली तर तिची रेघ येती." मामा पाय फाकवून उभे राहिले आणि धोतर ताणलं. मग ती खाली वाकून दोघांच्या चेहऱ्याकडं बघत म्हणाली, "स्वस्तिक मागं घ्या. त्यातनं लाल उजेड पडतोय अवंतिकाच्या गालावर." धोतर सरकवलं, कुंकू मागं गेलं. गालावरची लाली गेली. कमान जास्त भगभगू नये म्हणून तिनं दोघांना थोडं वळवलं. आता मागं कमानीची फक्त एक बाजू आणि तिच्यापलीकडं आंब्याच्या झाडाची गर्द हिरवळ येत होती. मला म्हणाली, "आई, तू तुझ्या जागी." मी रिफ्लेक्टर घेऊन पुन्हा उन्हात. तो मात्र माझ्या हातून चालला. त्याची पांढरी बाजू कुणी बघितली नाही बहुतेक, किंवा ती नवरीच्या डोक्यावर नव्हती म्हणून.

फोटो आला. अवंतिकानं कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "ही मी हाय." एवढंच. सावळी, डोळे स्वच्छ, नाकाखाली फिकी मऊ सावली. मामांनीही बघितलं आणि म्हणाले, "झकास आलाय की. बघा, काय अडलं का कापडावाचून?"

कापडावाचून. ते हातात धोतर घेऊन बोलत होते.

आणि माझी मुलगी त्यांना म्हणाली, "थँक्यू मामा, चांगलं धरलंसा."

सामान भरताना मी तिला सुनावलं. थँक्यू कशाला? प्रसेनजीतला बाजूला सारलं, माझं आडनाव विचारलं, आणि तू थँक्यू म्हणतेस? कापड दोन्ही पांढरी. सूर्य एकच. त्यानं काही विचारलं का, हे कुणी शिवलं म्हणून? ती वाकलेला पाइप सरळ करत होती. म्हणाली, "आई, फोटोपुरतं थँक्यू म्हटलं. बाकीचं मी विसरलेली न्हाय." प्रसेनजीत गाडीच्या टपावर दोऱ्या आवळत होता. दोरी तुटेल इतकी ओढत होता, आणि ते बघून मला जास्त राग येत होता. कुणावर, ते सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात आक्का आल्या. हातात बुंदीच्या लाडवांचा डबा. चेहरा प्रसन्न.

"पोरी, फोटो लई छान काढतीस बघ. पुढच्या मेमधी आमच्या धाकट्याचं हाय. तूच यायचं. दुसरं कोण नको." आणि जरा थांबून, तोच गोड आवाज, "फकस्त ते तुमचं पांढरं आणू नको. आमी आमचं धोतर देऊ की."

अक्षतानं डबा घेतला, गाडीच्या सीटवर ठेवला आणि हात पुसले.

"आक्का, मी येईन. माझं कापड घेऊन येईन, आणि ते माझा भाऊ धरंल. तसं चालत असंल तर सांगा."

आक्कांचा गोड आवाज पहिल्यांदा उतरला. "एवढी कसली अट? फोटोच तर काढायचा."

"फोटोच काढायचा हाय म्हणून."

"मग आमी दुसरं बघू बाई."

"बघा की," अक्षता म्हणाली.

आम्ही गाडीत बसलो. आता अक्षतानं मला डोळ्यांनी थांबवलं नाही. मी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "आणि आक्का, जो येईल त्याला आधी मे महिन्यात बाराला तुमच्या कमानीसमोर उभा करा. त्याच्या नाकाखालचं काळं आडनाव बघून पडतंय का ते बघा, आणि मग त्याला आडनाव विचारा."

प्रसेनजीतनं गाडी सुरू केली.